१२५ शब्दांत सांगा, आमच्याकडेच का?

मृदुला

काल भाच्याचा फोन आला. "मावशी, २१० झालेत, ८५ उडवायचेत. कुठले उडवू?" पुढचं मागचं काही नाही, पण मला लगेच कळलं. चार वर्षांपूर्वी लेकीच्या वेळी हेच घरात महिनाभर चाललं होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रवेशअर्जातला "आमच्याकडेच का?" हा प्रश्न होता, मर्यादा १२५ शब्दांची.

लेक शाळेच्या लायब्ररीतली फाटकी पुस्तकं शिवायची. पहिल्या खर्ड्यात त्याचा पत्ताच नव्हता. होतं काय, तर लहानपणापासूनचं स्वप्न, जगप्रसिद्ध प्राध्यापक आणि सगळीकडून आलेले विद्यार्थी. मी विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवलं आणि तिला म्हटलं, आता वाच. कुठेही चाललं असतं ते! सत्तरएक शब्द तिथेच गेले.

दुसऱ्या खर्ड्यात येलची बायनेकी लायब्ररी आली. संगमरवराच्या पातळ भिंती, त्यातून झिरपणारा उजेड. सुंदर लिहिलं होतं, पण ते तर सहलीला आलेल्यालाही दिसतं. "तू तिथे करणार काय?" म्हटल्यावर बाईसाहेब रुसल्या.

मग तिला सापडलं की तिथल्या काही निवासी कॉलेजांत खिळे जुळवून छापायची जुनी यंत्रं आहेत. शेवटी जे गेलं ते मराठीत साधारण असं:

"मी ४७ पुस्तकं शिवली. बरीचशी एकाच कारणाने फाटली होती: आतला समास अरुंद, म्हणून वाचणारा पुस्तक दाबून उघडतो आणि कणा मोडतो. दुरुस्ती मला येते. चूक जिथे होते तिथे मी कधी उभी राहिलेली नाही. जोनाथन एडवर्ड्स कॉलेजात राहून तिथल्या छापखान्यात एकदा समास मला ठरवायचा आहे."

उरलेल्या शब्दांत बायनेकीतली जुनी बांधणी बघून काय पडताळायचंय ते होतं. उजेड गेला, बांधणी राहिली.

तुमचे अनुभव लिहा. भाच्याला धागा पाठवणार आहे.

कट्ट्यावरचा

समासाचं भारीच. आमच्या पोराने एका अर्जात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव ठेवलं होतं. दोन अर्ज, एकच मजकूर, नाव तेवढं बदलायचं, आणि मजकुरातल्या दोन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी बदललं. पाठवल्यावर लक्षात आलं. दोन दिवस जेवला नाही.

शर्वरी_के

@कट्ट्यावरचा 😂 सॉरी, हसू नये. पण नाव बदलून चालणारा मजकूर होता, हाच घोटाळा ना?

कट्ट्यावरचा

हो गं बाई, त्याची आईपण तेच म्हणाली.

निवांत दुपार

मृदुलाताई, मजकूर छान आहे, पण एक चूक राहून गेली. येलमध्ये निवासी कॉलेज आपण निवडत नाही. १४ आहेत, त्यातलं एक तेच देतात. भावंडं किंवा आईवडील एखाद्या कॉलेजातले असतील तर ते मागता येतं, बाकीच्यांचं नशीब. त्यामुळे "जोनाथन एडवर्ड्स कॉलेजात राहून" वाचलं की कळतं, मुलीने छापखान्याचं पान वाचलं, प्रवेशानंतर काय होतं ते नाही वाचलं.

मी काही वर्षं मुलांचे असे मजकूर तपासून देते. सगळ्यात जास्त चुका याच जातीच्या असतात, तपशील खरा असतो पण त्या मुलाला लागू होत नाही. कोर्स पदव्युत्तर मुलांसाठीचा असतो. प्राध्यापक निवृत्त झालेले असतात, त्यांचं पान मात्र तसंच राहिलेलं असतं. म्हणून मी सांगते, कोर्सचं नाव घालायचं तर चालू वर्षाच्या वेळापत्रकात आहे का ते बघा, आणि पदवीच्या मुलाला घेता येतो का तेही.

भाच्यासाठी: आधी विशेषणं उडव, मग "मला असं वाटतं की" सारखे अर्धे तुकडे. तरी उरले तर दोन तपशिलांतला एक पूर्ण काढ. दोन्ही अर्धे ठेवले तर दोन्ही मेले.

मृदुला

अगं बाई! चार वर्षांनी कळतंय. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, आता काढू नकोस तो विषय." 🙈

प्रकाश जुना

येलला कोर्स निवडायच्या आधी दोन आठवडे कुठल्याही वर्गात जाऊन बसता येतं, शॉपिंग पीरियड म्हणतात. ते नक्की लिहा. दुसरीकडे असं क्वचितच आहे, म्हणून उठून दिसतं. माझ्या पुतण्याने लिहिलं होतं.

निवांत दुपार

प्रकाशकाका, होतं तसं, पण काही वर्षांपूर्वी बंद केलं. आता आधीच नोंदणी करतात. अजूनही मुलं लिहितात, कारण जुने नमुने फिरत असतात. पुतण्याच्या वेळी बरोबरच असणार.

प्रकाश जुना

बंद केलं? चांगली गोष्ट दिसली की बंद करायची. असो. पुतण्या आता बँकेत आहे.

रेवा

हे एमएसच्या एसओपीला पण लागू का? माझी मर्यादा १००० शब्द आहे.

शर्वरी_के

रेवा, हा धागा पदवीच्या अर्जातल्या पुरवणी प्रश्नांचा आहे. १००० म्हणजे चैन आहे तुझी!

मला टफ्ट्सचा १०० शब्दांचा आला होता. ते वाक्यच सुरू करून देतात, "मी टफ्ट्सला अर्ज करतेय कारण..." आणि पुढे आपण. मी सुरुवातीचे शब्द परत लिहिले, पाच-सहा तिथेच वाया. ते सोडून थेट "कारण"च्या पुढून लिहायला हवं होतं.

अनिकेत_टी

वेगळं मत. मी कोलंबियाच्या १५० शब्दांत कोअर करिक्युलमच लिहिला होता, प्लेटोसारखे ग्रंथ छोट्या वर्गात वाचून वाद घालायचा तो अभ्यासक्रम. सगळे सांगत होते नको लिहू, सगळेच लिहितात, शिवाय तो सगळ्यांना सक्तीचा, मग तुझं काय त्यात? पण मी कोअरचं कौतुक केलंच नाही. घरात मी आणि आजोबा प्लेटोवर भांडायचो, ते कायम सॉक्रेटिसच्या बाजूने. लिहिलं की मला २० जणांच्या टेबलावर हरायचंय, आजोबांसमोर हरून कंटाळा आला. प्रवेश मिळाला. त्यामुळेच मिळाला का, ते कोण सांगणार.

निवांत दुपार

हे चालतं, कारण कोअर काढला तर आजोबांचं भांडण लटकतं. दोन्ही एकमेकांत अडकलेत. तरी मी अजूनही सहसा नको म्हणते. दहातले नऊ कौतुकच करतात.

अनिकेत_टी

मान्य नाही, पण असो 🙂

स्वाती जे

ब्रिटनचं बरं. एकच मजकूर पाचही पर्यायांना जातो, त्यामुळे "तुमच्याकडेच का" लिहायची सोयच नाही. ४००० अक्षरं, आता तीन प्रश्नांत विभागलेली. कुकर झाला, येते नंतर.

कट्ट्यावरचा

मोजणीत फरक पडतो का हो? पोराच्या फाइलमध्ये १२५ आणि अर्जात १२७ दाखवत होतं.

शर्वरी_के

पडतो. माझ्याकडे तिरकी रेघ मारून जोडलेले शब्द एकीकडे एक धरले होते, दुसरीकडे दोन. अर्जाच्या चौकटीत चिकटवून तिथलाच आकडा धरायचा.

मृदुला

भाच्याने नवा खर्डा पाठवला. १३१ झालेत. सहा उरलेत, पण पहिलंच वाक्य "लहानपणापासून" आहे.

निवांत दुपार

मग सहा नाही, ते अख्खं वाक्य जाणार. जागा झालीच तर तिथे काय येणार ते त्याला विचारा.

मृदुला

विचारलं. म्हणतो, "मावशी, झोपतो आता."