मदत हवी आहे: मास्क्ड कन्व्होल्यूशनमध्ये लगतची वरची ओळ पूर्णपणे अदृश्य का होते?

सर्वांना नमस्कार. एकेक पिक्सेल क्रमाने निर्माण करणाऱ्या पिक्सेलसीएनएनमध्ये नुसते 3×3 मास्क एकावर एक रचले, तर प्रत्येक थराला उजवीकडे एक स्तंभ सरकण्यासाठी एक ओळ वर जावे लागते. त्यामुळे एक ओळ वर आणि दोन स्तंभ उजवीकडे असलेला पिक्सेल कितीही थर वाढवले तरी दिसत नाही. हा आंधळा भाग टाळण्यासाठी मी 2016 च्या गेटेड रचनेप्रमाणे उभा आणि आडवा असे दोन स्टॅक केले आहेत.

उभ्या स्टॅकच्या पहिल्या थरात चालू ओळ मास्कने वगळली आहे, पुढच्या थरांत ती ठेवली आहे. शिवाय आडव्या स्टॅकला देण्यापूर्वी त्याचे आउटपुट एक ओळ खाली सरकवले आहे:

```
v = F.pad(v, (0, 0, 1, 0))[:, :, :-1, :]
```

28×28 च्या चित्रात (14, 14) या आउटपुटचा ग्रेडियंट इनपुटपर्यंत काढला, तेव्हा चालू ओळीतील डावे पिक्सेल आणि 12 व्या ओळीपासून वरचा भाग दिसला, पण 13 व्या ओळीत सर्वत्र शून्य आले. पुढचे पिक्सेल गळत नसल्याने लॉसवरून काही संशय येत नाही. नमुन्यांतील उभ्या रेषा मात्र तुटतात, आणि हेच मला अधिक खटकते.

मास्क आणि सरकवणे या दोन्हींमुळे एक ओळ दोनदा वगळली जाते, असा माझा तर्क आहे. तो बरोबर असल्यास यांपैकी काय काढावे, आणि दोन्ही पर्यायांत प्रत्यक्ष फरक पडतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.