अनुभव धागा: बारवेच्या कामात नाव कुणाचं, कुठं आणि कसं द्यायचं?

गोदाकाठ
आज दुकानातल्या कॅलेंडरवर एका बारवेचा फोटो दिसला, खाली एवढंच: "सौजन्य: ग्रुप". अशाच एका ओळीवरून जुनी टीम फुटली होती, ते आठवलं. वालूर, चारठाणा, पिंगळीकडं नोंदी करणारे इथं बरेच आहेत. फोटो एकाचा, माप दुसऱ्याचं, शिलालेखाचं वाचन तिसऱ्याचं, गाळ काढणारी पोरं वेगळीच. पोस्टमध्ये नावं कशी देता?

टेपवाला
पोस्ट टाकताना नाही, बारवेत उतरायच्या आधीच ठरवायचं. वहीच्या पहिल्या पानावर कामं लिहा: फोटो, माप, आराखडा, ठसा, वाचन, गावातली माहिती. प्रत्येकापुढं ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहायचं, जसं छापून यावं वाटतं तसं. मापाला दोघं लागतात, एकजण पायरीवर शून्य धरतो, दुसरा आकडा वाचतो. आराखड्यावर मात्र चित्र काढणाऱ्याचंच नाव येतं. शून्य धरणारा मग पुढच्या खेपेला येत नाही. "मापे: दोघांची नावं, आराखडा: एकाचं" असं वेगळं लिहिलं की झालं.

जिंतूरकर
कायद्यानं फोटो काढणाऱ्याचाच हक्क असतो. बाकीच्यांची नावं म्हणजे मेहरबानी.

शाई_ठसा
@जिंतूरकर फोटोपुरतं बरोबर, पण ठशाला आणि आराखड्याला आपापला कर्ता असतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ वाचा. हक्क विकला तरी 'हे माझं' म्हणायचा कर्त्याचा अधिकार उरतो.
वाचनाचं सांगते. तिथं नाव एकदा देऊन भागत नाही. समजा पाच ओळींचा लेख आहे. एकानं ठसा घेतला, दुसऱ्यानं वाचला, महिन्यानं तिसऱ्यानं ओळ ३ मधलं एक अक्षर दुरुस्त केलं आणि त्यानं शक वर्षच बदललं. बरेचजण जुनी पोस्ट गुपचूप एडिट करतात. मग पहिला वाचणारा म्हणतो माझं वाचन बिघडवलं, तिसरा म्हणतो माझं नाव खाल्लं. जुनं वाचन तसंच ठेवून खाली लिहा: "ठसा: अमुक. वाचन: तमुक. ओळ ३ ची दुरुस्ती: तिसरा, तारीख." दोघंही पुढच्या लेखाला फोन उचलतात.

परभणीची_लेक
घाईत लिहायलेय, कुकर लावलाय. फेसबुकवर लांब पोस्ट "आणखी पाहा"पाशी तुटते. नावं शेवटी टाकली तर कुणी बघत नाही. पहिल्या दोन ओळींत टाका. आणि पहिल्या कॉमेंटमध्ये तर मुळीच नको, शेअर केल्यावर कॉमेंट सोबत जात नाही.

नवखा
फोटोवर मधोमध मोठा वॉटरमार्क टाकला तर चोरी थांबेल का?

गोदाकाठ
@नवखा चोरीचा प्रश्न निराळा, इथं आपसातल्या नावांचं चाललंय.

कॉमन्सवाला
विकिमीडिया कॉमन्सवर एकानंच सगळे फोटो चढवू नका. समजा ४८ फोटो आहेत, ३० एकाचे आणि १८ दुसरीचे. सगळे "own work" म्हणून गेले की त्या १८ वर चुकीचा लेखक लागतो, आणि शंका आली तर काढूनही टाकतात. जिचे ते तिच्याच खात्यातून गेलेले बरे. नाही जमलं तर लेखक म्हणून तिचं नाव घाला आणि तिनं स्वतःच्या मेलवरून permissions-commons@wikimedia.org ला परवानगी पाठवायची.
फाईलच्या आतही नाव घालता येतं. आधी ज्याचे त्याचे फोल्डर वेगळे करा, कारण ही आज्ञा फोल्डरमधल्या सगळ्या jpg ना एकच नाव लावते:

```
exiftool -XMP-dc:Creator="नाव आडनाव" *.jpg
```

मूळ फाईल _original नावानं शिल्लक राहते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की आतलं नाव उडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

परभणीची_लेक
विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

कॉमन्सवाला
हाव. तिथं रोमनमध्ये लिहा.

जिंतूरकर
बरं, कलम वाचतो. पण गाळ काढणारी २२ पोरं? सगळ्यांची नावं पहिल्या दोन ओळींत कशी बसवणार?

टेपवाला
"गाळ काढला: गावातले २२ जण, यादी दुसऱ्या फोटोत" असं वर लिहा, आणि वहीतल्या यादीचा फोटो पोस्टलाच जोडा. शेअर झाला तरी सोबत जातो.

शाई_ठसा
मला पटत नाही. बातमीदार पहिला फोटो आणि वरच्या ओळी उचलतो, पोरं पुन्हा "गावकरी" होतात. बातमीच्या मेलमध्ये २२ नावं टाईप करूनच द्यावीत.

टेपवाला
मेलचं मान्य. पण यादीत फोन नंबर असतील तर झाकून घ्या, आणि ज्याला नाव नको त्याचं गाळा.

नवखा
आमच्या गावाबाहेर पण एक बारव हाय, काटेरी झुडपांनी भरलीय. कुणी यायलंय का बघायला?

परभणीची_लेक
@नवखा कुठलं गाव? पाऊस लागायच्या आधी ठरवा, पाणी भरलं की खालच्या पायऱ्या मोजता येत नाहीत.