मदत हवी आहे: ४० दातांच्या स्पर गिअरचं मॉड्यूल २.५४ येतंय, पीसीडी आणि ओडी किती धरू?

मच्छेकर
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ घेतलाय, त्यातला एक चेंज गिअर तुटलाय. सलग तीन दात गेलेत. मशीनवर प्लेट नाही आणि पुस्तकही मिळालेलं नाही, त्यामुळे तुटका गिअर बघूनच नवा करायचा आहे. ब्लँक मी टर्न करणार, दात शेजारच्या मिलिंगवाल्याकडे डिव्हायडिंग हेडवर काढून घेणार.

दात ४० आहेत, दोनदा मोजले. चांगल्या दातांवर व्हर्नियर लावला तर ओडी १०६.६ येते. आयटीआयमध्ये शिकलो ते असं:

```
PCD = m × z
OD  = m × (z + 2)
```

इथे मॉड्यूलच माहीत नाही म्हणून उलटं गेलो. १०६.६ ला ४२ ने भागलं तर २.५४ येतं. तक्त्यात २.५ आहे आणि २.७५ आहे, मधलं काही नाही. मिलिंगवाल्याकडे २.५ चा कटर आहे, तो म्हणतो आण, लगेच काढून देतो. मग ब्लँक १०५ ला आणू की १०६.६ ला? आणि पीसीडी १०० धरायची का?

अनगोळ टर्निंग
२.५ धरा की सरळ. मोजमापात थोडंफार इकडंतिकडं होतंय. पीसीडी १००, ओडी १०५. ब्लँक थोडं मायनसमध्येच ठेवा, १०४.९ पर्यंत चालतंय, प्लसमध्ये जाऊ देऊ नका. कटरची खोली मॉड्यूलच्या सव्वादोन पट, म्हणजे ५.६ च्या जरा वर. झालं काम.

निपाणीकर
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे ओ. गिअरबॉक्समधला ३० दातांचा गिअर, ओडी १०१.८. ३२ ने भागलं तर ३.१८ येतं. असलं मॉड्यूल कुठं असतंय का? माझ्या गिअरचे दात जरा तिरके आहेत, तेवढाच फरक.

गिअरवाले काका
निपाणीकर, तेवढाच फरक नव्हे, तोच फरक आहे. तिरक्या दातांना हे सूत्र सरळ लागत नाही. पीसीडी काढताना m × z ला तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनने भागावं लागतं. कोन २० अंश असेल तर मॉड्यूल ३ धरून पीसीडी ९५.८ येते, त्यात दोन मॉड्यूल म्हणजे ६ मिळवले की तुमची १०१.८ बरोबर जुळते. पण कोन आधी नीट मोजा, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे सरळ दातांचं चाललंय.

मच्छेकर, ब्लँक अजून टर्न करू नका. आधी दोन गोष्टी सांगा. लेथच्या लीड स्क्रूवर पट्टी ठेवून बघा, एका इंचात पूर्ण आटे बसतात का? आणि त्याच सेटमधल्या एखाद्या चांगल्या गिअरचे दात आणि ओडी कळवा. शक्यतो सम दातांचा घ्या.

मच्छेकर
काका, लीड स्क्रूवर एका इंचात बरोबर ४ आटे बसतात. सेटमधला ६० दातांचा गिअर चांगला आहे, त्याची ओडी १५७.४ आली. ६२ ने भागलं तर परत २.५४ च!

गिअरवाले काका
मग तुमचा गिअर मॉड्यूलचा नाहीच. इंचातला, १० डीपीचा आहे. डीपी म्हणजे पीसीडीच्या एका इंचामागे किती दात, असा हिशोब. २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्यूलसारखा आकडा मिळतो, १० डीपीला तो नेमका २.५४ येतो. तुमची भागाकाराची पद्धत बरोबरच होती, फक्त तक्ता दुसरा बघायला हवा होता.

आता अनगोळवाल्यांनी मोजमापातला फरक म्हटलं, त्याबद्दल. २.५ मॉड्यूल धरला तर ४० दातांची ओडी १०५ यायला पाहिजे. तुमची १०६.६ आहे, म्हणजे दीड मिलीमीटरहून जास्त. गिअर झिजला तर ओडी कमी होते, वाढत नाही. २.७५ चा झिजलेला असेल म्हणावं, तर नवा ११५.५ चा असणार. एवढी झीज झाली असती तर दातांची टोकंच उरली नसती. आणि दोन वेगळे गिअर, एक ४० चा, एक ६० चा, दोन्ही २.५४ च सांगतायत. चुकीचं मोजमाप दोनदा एकाच आकड्यावर येत नाही.

म्हणून तुमचा हिशोब असा मांडा. ४० दातांची पीसीडी ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी. ओडीसाठी ४२ भागिले १०, म्हणजे ४.२ इंच, १०६.६८ मिमी. तुमच्या व्हर्नियरवर १०६.६ आलं ते थोड्या झिजेचं. ब्लँक १०६.६८ ला किंवा पाच-सात शतांश कमी टर्न करा.

पीसीडीवर व्हर्नियर लावता येत नाही, कारण तो गिअरवर कुठे दिसणारा वर्तुळ नाही. ती बरोबर आहे की नाही हे जोडीवरून कळतं. ६० दातांची पीसीडी १५२.४. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की १२७ मिमी, म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर बरोबर पाच इंच. हे दोन गिअर नीट जुळवून शाफ्टमधलं अंतर मोजा, ते पाच इंचाच्या जवळ आलं की पीसीडी बरोबर आहे समजा.

अनगोळ टर्निंग
काका, तुमचं गणित बरोबर असेल, पण चेंज गिअर स्विंग प्लेटवर असतात की. अंतर पुढं-मागं करता येतंय. मी स्वतः २.५ चा गिअर १० डीपीच्या जोडीला लावून चालवलाय. आटे पण बरोबर पडले.

गिअरवाले काका
आटे बरोबर पडले असणारच, ते मी नाकारत नाही. आट्यांचं गुणोत्तर दातांच्या संख्येवर असतं, आणि संख्या तीच होती. स्विंग प्लेटवर अंतर जुळवता येतं हेही खरं. पण एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचं अंतर जुळवता येत नाही. पीसीडीच्या परिघावर ते २.५ ला ७.८५ मिमी असतं आणि २.५४ ला ७.९८. दर दाताला आठव्या हिश्श्याचा मिलीमीटर फरक. एक दात सुटून दुसरा पकडायच्या क्षणी दोघांचं जुळत नाही आणि सगळा भार एकाच दाताच्या कोपऱ्यावर येतो. सावकाश फीडला आवाज करत चालेल. वेगात चालवलात, किंवा जाड आटे काढताना भार आला, की तुमच्या जोडीतला चांगला गिअर खायला लागेल. मच्छेकरांच्या सेटमध्ये ६० चा अजून चांगला आहे, तो वाचवायचा आहे. या एका कारणासाठी मी २.५ ला नको म्हणतोय.

हलग्याचा मशिनिस्ट
काकांनी सम दातांचा गिअर मोजायला का सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, आम्ही त्यात अडकलो होतो. मॉड्यूल ४ चा १७ दातांचा पिनियन होता. ओडी ७६ यायला हवी. व्हर्नियरला साडेपंचाहत्तरच्या आसपासच येत होती. कारण विषम दातांत एका दाताच्या बरोबर समोर दात नसतो, गाळा असतो. व्हर्नियरचा एक जबडा एका दातावर आणि दुसरा दोन दातांच्या टोकांवर टेकतो, आणि माप कमी येतं. दात जितके कमी, तितकी चूक मोठी. आम्ही मग बोअरच्या काठापासून दाताच्या टोकापर्यंत मोजलं, त्याची दुप्पट करून बोअर मिळवला. मग ७६ ला लागलं. बोअर मात्र गोल आणि न झिजलेला पाहिजे.

मच्छेकर
मनापासून आभार. मिलिंगवाल्याला सांगितलं २.५ चा कटर नको. तो म्हणतो १० डीपीचा कटर बेळगावात शोधावा लागेल, नाहीतर कोल्हापूरला शिरोलीकडं चौकशी करू. पण त्याने नवीनच विचारलं: साडेचौदा अंशाचा की वीस अंशाचा? हे कसं कळणार?

गिअरवाले काका
चांगला प्रश्न विचारला त्यानं. पीसीडी आणि ओडी दोन्हींत सारखीच असते, म्हणून त्यांवरून कोन कळत नाही. दाताच्या बगलेचा आकार वेगळा असतो. जुन्या इंची लेथमध्ये साडेचौदा अंशाचे गिअर पुष्कळ मिळतात, पण अंदाजावर कटर विकत घेऊ नका.

असं करा. ६० च्या चांगल्या गिअरवर नको, तुमच्या ४० च्याच न तुटलेल्या भागावर चार दात व्हर्नियरच्या जबड्यात धरा. जबडे दातांच्या बगलांना टेकले पाहिजेत, टोकांना नव्हे. माप लिहा. मग पाच दात धरून माप घ्या. दोन्हींतला फरक ७.५ च्या जवळ आला तर वीस अंश, ७.७३ च्या जवळ आला तर साडेचौदा. दोन्ही मापांत झीज साधारण सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते. तीन-चार जागी घ्या.

कटर घेताना आणखी एक. त्याच्या नंबरावर जाऊ नका. डीपीच्या कटरमध्ये ३ नंबर ३५ ते ५४ दातांना असतो, पण काही मॉड्यूलच्या सेटमध्ये नंबर उलटे असतात. कटरच्या अंगावर दातांची मर्यादा कोरलेली असते, तीच वाचा. खोलीही तिथेच असते बहुतेक. साडेचौदा अंशाला पूर्ण खोली २.१५७ भागिले डीपी, म्हणजे १० डीपीला ५.४८ मिमी. वर अनगोळवाल्यांनी सांगितलेली सव्वादोन पट इथे लावली तर ५.७ जाईल, मुळात दात बारीक होईल.

अनगोळ टर्निंग
ते सव्वादोन पट मी वीस अंशाच्या मॉड्यूलसाठीच सांगितलं होतं. पण इथं लागत नाही, मान्य. आमच्या जुन्या लेथवरचे गिअर उद्या मोजून बघतो, ते पण २.५ म्हणूनच चाललेत आतापर्यंत.

मच्छेकर
काका, चार आणि पाच दातांची मापं घेतली. तीन जागी फरक ७.७ आला, एका जागी ७.६. त्या चौथ्या जागेचे दात तुटलेल्या भागाला लागून आहेत, तिथे जास्त खाल्लंय असं दिसतंय.

गिअरवाले काका
मग साडेचौदाकडेच झुकतंय. पण ७.६ नीट बसत नाही मनात. वाकलेला दात असू शकतो. कटर मिळाला की त्याचा दात जुन्या गिअरच्या चांगल्या गाळ्यात घालून उजेडासमोर धरा. बगलेला खाली-वर कुठे फट दिसते का बघा आणि फोटो टाका. ब्लँक तेवढं टर्न करून ठेवायला हरकत नाही, ओडी दोन्हीकडे तीच आहे.