गच्चीच्या गळतीचे मेल: एकच फाइल, तारखेच्या क्रमाने

देशपांडे काका (सेक्रेटरी): गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार वकिलांनी एकाच पीडीएफमध्ये मागितला आहे. मी जीमेलवर Print all दाबून २२ पानांची फाइल पाठवली. त्या म्हणतात, कोटेशन, फोटो, मोजमापाचा तक्ता यातलं काहीच आत नाही.

अनघा (बी ३०४): काका, Print all मध्ये अटॅचमेंटचं फक्त नाव आणि आकार छापला जातो, आतला कागद येत नाही. शिवाय मागच्या मेलचा मजकूर [Quoted text hidden] असा झाकला जातो. त्याने आपल्या मुद्द्यांच्या मध्ये-मध्ये उत्तरं लिहिलेली आहेत ना? तिथे प्रश्न गायब आणि खाली नुसतंच "हो, करून देतो" असं दिसत असेल.

देशपांडे काका: अगदी तसंच दिसतंय. आठव्या पानावर.

कुलकर्णी काकू (ए १०१): मग सगळ्या अटॅचमेंट शेवटी जोडून टाकूया की.

अनघा: तसं नको काकू. कोटेशन कोणत्या मेलसोबत आलं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. आधी १०% सूट असलेलं कोटेशन आलं, पंधरा दिवसांनी सूट काढलेलं आलं. दोन्ही फाइलींचं नाव quotation.pdf. शेवटी एकत्र ठेवली तर आपला मुद्दाच हरवतो. प्रत्येक मेलच्या पाठोपाठ त्याचेच कागद यायला हवेत.

काका, कॉम्प्युटरवर बसा. प्रत्येक मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांत Print आहे, तिथून एकेक मेल पीडीएफ म्हणून सेव्ह करा. उत्तरं मध्ये-मध्ये लिहिलेला मेल आधी पूर्ण उघडून बघा. प्रिंटमध्ये प्रश्न येत नसतील तर तो मजकूर वर्डमध्ये घेऊन पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ यांसकट पीडीएफ करा. मग त्या मेलच्या अटॅचमेंट डाउनलोड करा. फोटो आणि एक्सेलचीही पीडीएफ लागेल. एक्सेलमध्ये पान आडवं करून सगळे कॉलम एका पानाच्या रुंदीत बसवा, नाहीतर रकमेचा कॉलम वेगळ्याच पानावर जातो. नावं अशी द्या:

```
2025-01-12_0800_0_mail.pdf
2025-01-12_0800_1_quotation.pdf
2025-01-12_0800_2_photo.pdf
2025-01-14_1915_0_mail.pdf
```

देशपांडे काका: आपण तारीख 12-01-2025 अशी लिहितो, ती चालणार नाही का?

अनघा: नाही, कॉम्प्युटर नाव डावीकडून वाचून लावतो. तशी नावं दिली तर ०३ फेब्रुवारी १२ जानेवारीच्या आधी येईल. वर्ष, महिना, दिवस असं लिहिलं की नावाचा क्रम हाच तारखेचा क्रम. शून्य म्हणजे मेल, पुढचे आकडे त्याच्या अटॅचमेंट. फोल्डरमधल्या Date modified वर मात्र विसंबू नका. तिथे फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर कधी उतरली ते दिसतं, मेल कधी आला ते नाही.

समीर (सी ५०२, न्यू जर्सी): काही मेल माझ्याकडेही आहेत. इथून प्रिंट करून पाठवू का?

अनघा: समीरदादा, तुमच्याकडे छापलेली वेळ तिथली येईल. १२ जानेवारीला सकाळी ८ ला आलेला मेल तुमच्या प्रिंटवर ११ जानेवारी, रात्री ९:३० असा दिसेल आणि क्रम बिघडेल. शक्यतो सगळं काकांच्याच इनबॉक्समधून काढू. जे मेल फक्त तुमच्याकडे आहेत, त्यांच्या तीन टिंबांतून Download message करून ती .eml फाइल पाठवा. तिच्यात मूळ तारीख, वेळ, अटॅचमेंट सगळं राहतं.

देशपांडे काका: जोडायचं कशाने?

अनघा: PDFsam Basic फुकट आहे. Merge मध्ये सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने टाका. प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ फाइलचं नाव छापायचा फूटरचा पर्याय तिथेच आहे, तो नक्की निवडा. मग कुठलंही पान उघडलं तरी ते कोणत्या मेलचं ते दिसेल. फाइल नावांवरून अनुक्रमणिकाही होते.

देशपांडे काका (रविवारी संध्याकाळी): झालं. १९ मेल, ११ अटॅचमेंट, एकूण ३० फाइली. ६४ पानं.

अनघा: पाठवण्याआधी एकदा शेवटून वाचा. कुणी एखाद्या मेलचा उल्लेख केला असेल तर तो फाइलमध्ये आहे का ते बघा.

देशपांडे काका: बरं झालं सांगितलंस. त्याच्या ५ फेब्रुवारीच्या उत्तरात "आपल्या ३ फेब्रुवारीच्या मेलनुसार" असं आहे, आणि ३ फेब्रुवारीचा मेलच नाही!

खजिनदार काका (ए ४०३): तो मी पाठवला होता, विषय बदलून. "दुसरा हप्ता थांबवत आहोत" असा विषय होता.

अनघा: म्हणूनच राहिला. विषय बदलला की जीमेल वेगळी साखळी करतो. काका, त्याचा ईमेल पत्ता सर्चमध्ये टाकून जानेवारीपासूनचे सगळे मेल बघा, आणखी निघतील. आणि मूळ मेल कुणीही डिलीट करू नका. ही पीडीएफ वाचण्यासाठी आहे, पुराव्यासाठी वकील मूळ मेल मागतील.

देशपांडे काका: आणखी दोन निघाले. एकात गळतीचे फोटो आहेत. आता २२ मेल. पुन्हा जोडतो.