मदत हवी आहे: शेततळे, पाण्याचे ड्रम आणि तीन वयांची तीन मुले

अंबाजोगाईकर_सून: आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यात आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असल्याने न्हाणीत २०० लिटरचे दोन ड्रम आणि चार-पाच बादल्या कायम भरलेल्या असतात. घरामागे दिरांचे ३० बाय ३० मीटरचे, प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे असून त्याला कुंपण नाही. मुलगी दीड वर्षाची, मुलगा सहा वर्षांचा आणि जावेचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. चुलीची जागा आम्ही ओट्यावर नेली, त्यामुळे ती काळजी बरीच कमी झाली. पाण्याबाबत मात्र तिघांना एकच गोष्ट सांगून उपयोग होत नाही, असे दिसते. कोणाला काय आणि कसे सांगावे?

गोदाकाठचा_माणूस: ताई, तिघांनाही पोहायला शिकवा, म्हणजे प्रश्नच मिटला. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो.

निवृत्त_आरोग्यसेविका: दादांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सहा-सात वर्षांपासून पोहणे अवश्य शिकवावे, पण विहिरीला पायऱ्या असतात. शेततळ्याच्या ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय टिकत नाहीत आणि तो काठाशी येऊन दमतो. म्हणून आधी चारही बाजूंना, खुंटाला पक्का बांधलेला आणि हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा.

आता मुलांचे पाहू. दीड वर्षाच्या मुलीला काहीही समजावण्याच्या भरीस पडू नका. त्या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते. मूल बादलीत वाकले की तोल पुढे जातो, आणि अर्धी भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. आवाजही होत नाही, त्यामुळे ‘रडली तर कळेल’ हा भरवसा खोटा आहे. वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घालावी, ड्रमला घट्ट झाकण असावे, शेजारी चढता येईल असे घमेले किंवा पाट नसावा आणि न्हाणीला बाहेरून उंचावर कडी असावी.

सहा वर्षांचा मुलगा ‘तळ्याजवळ जायचे नाही’ हे पाठ म्हणून दाखवेल, पण चेंडू तिकडे गेला की तो नियम नव्हे, चेंडू पाहतो. त्याला ‘जवळ’ म्हणजे कुठवर, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. तळ्यापासून वीस पावलांवर चुन्याने रंगवलेले दगड मांडा आणि ‘मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय दगडापलीकडे नाही; चेंडू गेला तर घरी येऊन सांगायचे’, एवढेच शिकवा. मग त्याला समजले का, हे विचारू नका. दगड आणि तळे यांच्या मध्ये स्वतः उभ्या राहा, चेंडू पलीकडे टाका आणि तो काय करतो ते पाहा.

अकरा वर्षांच्या मुलाला कारण कळते. जुन्या कागदाचा तुकडा शेताच्या उतरत्या बांधावर अंथरून त्यावर पाणी ओता आणि त्याला वर चढायला सांगा. तीनदा घसरला की व्याख्यानाची गरज उरत नाही. त्याला खरा धोका धाकट्याला वाचवायला उडी मारण्याचा आहे. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा डबा दोराला बांधून तळ्याजवळ टांगा. आधी ओरडून मोठ्यांना बोलवायचे, मग काठापासून मागे पालथे पडून डबा फेकायचा, पाण्यात उतरायचे नाही, हे त्याच्याकडून अंगणात करवून घ्या.

ऊसवाला_परळी: माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि शाळा रस्त्यापलीकडे आहे. हंगामात ट्रॅक्टर फार असतात. तिला एकटे पाठवावे का?

निवृत्त_आरोग्यसेविका: नको. वाहन दिसते, पण ते किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्या वयात येत नाही. शिवाय ट्रॅक्टर गेला म्हणजे वाहन गेले असे मुलांना वाटते, आणि मागून दोन ट्रॉल्या यायच्या असतात. निदान दहाव्या वर्षापर्यंत हात धरूनच रस्ता ओलांडावा.

गोदाकाठचा_माणूस: बुडालेल्याला उलटे धरून पोट दाबले की पाणी निघते, हेही मोठ्या मुलाला शिकवावे.

निवृत्त_आरोग्यसेविका: दादा, ते कृपया नको. त्यात वेळ जातो आणि पोटातले श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मूल श्वास घेत नसेल तर घरातल्या मोठ्यांनी लगेच तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ लावावा. आरोग्य केंद्रात विचारून हे एकदा हाताने शिकून घ्या.

अंबाजोगाईकर_सून: दोर आणि डबा बांधून झाले. कागदावर पुतण्या चौथ्यांदा घसरला तेव्हा स्वतःच म्हणाला, ‘काकू, इथून वर येताच येत नाही.’ मुलगा पहिल्या दोन वेळा दगडाशी थांबला, तिसऱ्या वेळी मात्र चेंडूमागे थेट माझ्या अंगावर येऊन आदळला. कुंपणाला दीर अजून तयार नाहीत. मोटारीपाशी जायला अडचण होते, असे त्यांचे म्हणणे आहे. फाटक ठेवून कुंपण घालण्याचा खर्च कोणी केला असेल तर सांगावे.