९९ टक्के पकडूनही पन्नासात एकच खरा

> "अ‍ॅनोमली डिटेक्शन ९९ टक्के हल्ले पकडतं, मग सिग्नेचर कशाला ठेवायच्या?"

अ‍ॅनोमली डिटेक्शन म्हणजे नेटवर्कवर नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की अलर्ट देणं; सिग्नेचर म्हणजे माहीत असलेल्या हल्ल्याची ठरलेली खूण. ती ठेवायची, कारण सायबर हल्ले फार दुर्मिळ असतात. समजा, दिवसाला १० लाख नोंदी येतात आणि त्यांतल्या २० हल्ल्याच्या आहेत. चुकीच्या अलर्टचं प्रमाण ०.१ टक्का धरलं तरी रोज हजार खोटे अलर्ट येणार, खरे जेमतेम वीस. प्रत्येकाला १० मिनिटं दिली तर १७० तास! मग माणूस न वाचताच अलर्ट बंद करतो आणि खराही त्यातच जातो. संशोधक स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच हे गणित मांडलं होतं.

स्नॉर्ट या हल्ले ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची सिग्नेचर नवा हल्ला चुकवते, पण अलर्ट कशामुळे आला ते नियमातच दिसतं. अ‍ॅनोमलीला महिनाअखेरचा बॅकअपही डेटाचोरी वाटू शकतो, आणि का वाटला ते शोधण्यातच वेळ जातो.