बिघडलेली आयएसओ: डिलीट मारायची की आरसिंकनं सांधायची?

राजारामपुरी_गल्ली
गेले आठ दिवस इथं जो तो आरसिंक आरसिंक करतोय, म्हणे ही कमांड बिघडलेल्या फाइलमधला फरक तेवढाच नेटवरून आणते. कॉम्प्युटरवर सिस्टिम बसवायची चार-साडेचार जीबीची आयएसओ फाइल बिघडली तर डिलीट मारा आणि परत उतरवा, पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी कमांडी पाठ करायच्या म्हणजे पंक्चर काढायला टायरचा कारखाना टाकायचा. कुणाला खरंच उपयोग झालाय, की नुसताच नाद?

आजऱ्याची_मास्तरीण
पंधरा मिनिटं तुमच्या गल्लीत. आमच्याकडे पावसाळ्यात साडेचार जीबी म्हणजे दोन रात्री, तेही लाइट राहिली तर. म्हणून जरा सविस्तरच लिहिते, राग मानू नका.

शाळेच्या लॅबसाठी उबुंटू २२.०४.५ ची डेस्कटॉप आयएसओ हवी होती. ट्रेनिंगला कोल्हापुरात आले होते, तेव्हा लॉजच्या वायफायवर रात्री उतरवायला लावली. सकाळी फाइल पूर्ण दिसली. घरी येऊन हॅश, म्हणजे फाइल तपासायची खूण, काढला तर साइटवरच्याशी जुळेना. साइज बघितली तर मूळ फाइलपेक्षा ३,११२ बाइट जास्त! कमी पडलेली फाइल पुष्कळदा पाहिलीय, वाढलेली पहिल्यांदाच. मग आत एखादं वेबपान घुसलंय का बघायला हे चालवलं:

```
grep -abo '<!DOCTYPE html' ubuntu-22.04.5-desktop-amd64.iso
```

साधारण ९०० एमबीच्या पुढे एक जागा सापडली. तिथं लॉजचं लॉगिन पान आयएसओच्या पोटात बसलेलं, "कृपया रूम नंबर टाका" सकट. मध्यरात्री वायफायचं लॉगिन संपलं, डाउनलोड मॅनेजरनं तुटलेलं डाउनलोड पुढं चालू केलं, आणि आलेलं पान फाइलचाच पुढचा भाग समजून चिकटवलं. सकाळी मी परत लॉगिन केल्यावर उरलेली फाइल त्याच्यामागं जोडली.

म्हणजे एवढ्या मोठ्या फाइलमध्ये खराब काय, तर तीन केबी. आणि तुम्ही म्हणता सगळी टाकून द्या. मी आरसिंक लावला. पण पहिल्या वेळी आरसिंकनंच माझी फाइल खाल्ली, ते कुणीतरी समजावून सांगा. `-P` लावून चालवत होते. दोन जीबीपर्यंत आलं आणि लाइट गेली. राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. थोडा वेळ वाट बघून कंट्रोल-सी मारलं, तर फाइल दोनच जीबीची उरली! पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवली होती म्हणून वाचले.

तांबडा_पांढरा
लिंक साधी http असणार. https असती तर लॉगिनचं पान मध्ये घुसलंच नसतं, सर्टिफिकेटवरच अडलं असतं. चूक तिथंच झाली.
आणि आरसिंक कशाला? टोरंट फाइल घ्या, बिघडलेली आयएसओ त्याच नावानं फोल्डरमध्ये ठेवा, रीचेक मारा. २५६ केबीचे तुकडे तपासतं, खराब तेवढेच आणतं. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

उजळाईवाडी_सर्व्हररूम
तांबडा_पांढरा, https चं बरोबर. टोरंटचं अर्धंच. बाइट जागच्या जागी खराब झाले असतील तर रीचेकसारखं सोपं काही नाही, मीसुद्धा तेच करतो. पण बाईंच्या फाइलमध्ये तीन केबी *घुसलेत*. तिथून पुढचा प्रत्येक बाइट ३,११२ घरं पुढं सरकलाय. टोरंट ठरलेल्या जागी ठरलेला तुकडा शोधतं, त्यामुळं ९०० एमबीच्या पुढचं सगळं त्याच्या दृष्टीनं खराब. साडेतीन जीबी परत उतरवेल.

आरसिंक जागेला बांधलेला नाही. बाईंचा लॅपटॉप आपल्या बिघडलेल्या फाइलचे तुकडे पाडतो. एवढ्या फाइलला साधारण ६९ केबीचा एक, असे ६९ हजारांच्या आसपास. प्रत्येकाची छोटी खूण सर्व्हरला पाठवतो, सगळ्या मिळून अर्ध्या एमबीच्या आसपास. सर्व्हर आपली चांगली फाइल एकेक बाइट सरकत वाचतो आणि त्यातली कुठलीही खिडकी या खुणांशी जुळते का बघतो. जुळली की नुसता तुकड्याचा नंबर कळवतो, न जुळलेलं तेवढं खरं पाठवतो. तुकडा सरकला असला तरी सापडतो. आरसिंक बनवणाऱ्या ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी १९९६ मध्ये हेच तर केलं.

आता बाईंचा `-P`. त्यात `--partial` दडलेलं आहे. आरसिंक जुन्या फाइलला हात लावत नाही, शेजारी ठिपक्यानं सुरू होणाऱ्या नावाची लपलेली फाइल नव्यानं बांधतो आणि शेवटी अदलाबदल करतो. `--partial` म्हणजे "अर्धवट राहिलं तरी ठेव". तुम्ही कंट्रोल-सी मारलं, त्यानं आज्ञा पाळली, अर्धवट फाइल जुन्या फाइलच्या जागी नेऊन ठेवली. पहिल्यांदा उतरवताना `-P` चांगला, दुरुस्तीला घातक. नसता लावला तर अर्धवट फाइल पुसली गेली असती आणि जुनी शाबूत राहिली असती.

```
rsync -I -L --progress --stats rsync://releases.ubuntu.com/releases/22.04/ubuntu-22.04.5-desktop-amd64.iso .
```

डिस्कवर आणखी एका प्रतीएवढी जागा मोकळी ठेवा. आणि सुरुवातीला बराच वेळ काहीच हललेलं दिसत नाही, कारण दोन्हीकडे वाचन चालू असतं. "हँग झालं" म्हणून बंद करू नका.

राजारामपुरी_गल्ली
व्वा. म्हणजे आधी प्रत काढा, मग जागा मोकळी करा, मग हँग झाल्यासारखं दिसेल पण घाबरू नका. आमचं डिलीट बटण बरं.

कागलचा_पाहुणा
मंडळी, मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर होता, मध्येच हिरवे ठोकळे येतात. या कमांडनं निघतील काय? वर दिलेली लिंकच टाकायची का?

उजळाईवाडी_सर्व्हररूम
पाहुणं, ती लिंक टाकलीत तर मेव्हण्याच्या जागी उबुंटू येईल. आरसिंक ठोकळे पुसत नाही, चांगल्या प्रतीवरून फरक आणतो. फोटोग्राफरकडं मूळ फाइल असेल तर नवीन पेनड्राइव्ह घेऊन त्याच्याकडं जा. नसेल तर इथं उपाय नाही.

कागलचा_पाहुणा
फोटोग्राफर म्हणतोय फॉरमॅट केलं. राहिलेले तीन हजार दिले नव्हते म्हणून मुद्दाम केलं असणार.

शिरोळ_२०१९
राजारामपुरीवाल्यांना एक सांगायचंय. २०१९ च्या पुरात आमच्याकडं कित्येक दिवस नेट नव्हतं. त्यानंतर केबल आली ती खांबावर लोंबकळत, वारा सुटला की नेट गायब. कंपनीला फोन केला की "रीस्टार्ट करा". रोजचा डेटा ठरलेला, संपला की गोगलगाय. तुम्हा शहरवाल्यांना परत उतरवणं म्हणजे काय ते कळायचं नाही.

राजारामपुरी_गल्ली
झालं सुरू, शहर विरुद्ध गाव. आमच्याकडं काय सोन्याच्या तारा आहेत? गटारीसाठी रस्ता खणला की पहिली तुटते ती फायबर. महिन्यात तीनदा. आणि पैसे पूर्ण भरतो आम्ही.

आजऱ्याची_मास्तरीण
आम्ही अर्धे भरतो का? बिल तेवढंच येतं, नेट तेवढं येत नाही. पोरांची ऑनलाइन परीक्षा टेकडीवर बसून घेतलीय मी, छत्री धरून.

राजारामपुरी_गल्ली
बाई, विषय फाइलचा होता.

शिरोळ_२०१९
फाइलचाच आहे. ज्याच्याकडं नेट आहे त्यानं "डिलीट मारा" म्हणायचं, आणि नाही त्यानं ऐकायचं होय? लई शाना आहेस.

तांबडा_पांढरा
ए, शाना-बिना नको. आणि तार खणणाऱ्यांनी नाही, उंदरांनी तोडली. आमच्या बोळात कंपनीच्या पोरानं दाखवली, दात उमटलेले.

राजारामपुरी_गल्ली
उंदीर तुमच्या बोळात. आमच्याकडं जेसीबी.

आजऱ्याची_मास्तरीण
काल रात्री `-P` न लावता चालवलं. पेनड्राइव्हवरची प्रत आधी डिस्कवर आणली. शेवटी आलेली ओळ:

```
Literal data: 65,896 bytes
```

६६ हजार बाइटसुद्धा नाहीत. हॅश जुळला. राजारामपुरी, पंधरा मिनिटांत तुम्ही चहा पण पीत नसाल.

उजळाईवाडी_सर्व्हररूम
हिशोब बरोबर बसतो. बाहेरचे ३,११२ बाइट एका तुकड्याच्या आत मावले. तो ६९,००८ चा एक तुकडा बाद, त्यातला खरा भाग उरतो ६५,८९६. बाकी सगळं जुळलं.

तांबडा_पांढरा
मग जागा वाचवायला `--inplace` का नाही सांगितलंत? प्रतीएवढी मोकळी जागा लागतच नाही.

उजळाईवाडी_सर्व्हररूम
बाईंच्या बाबतीत चाललं असतं. बाहेरचे बाइट काढून टाकायचे म्हणजे चांगला माल मागं सरकवायचा, आणि तो पुढं अजून जागेवरच असतो. पण समजा बाइट घुसण्याऐवजी गायब झाले असते, तर माल पुढं ढकलायचा. तिथं जो तुकडा हवा असतो त्याच्यावर आधीच लिहून झालेलं असतं. मग आरसिंक तिथून पुढचं सगळं नेटवरून आणतो. भर पडली तर ठीक, तूट पडली तर `--inplace` नको. आणि मध्येच तुटलं तर फाइल अर्धी जुनी अर्धी नवी, तेव्हा प्रत हवीच.

तांबडा_पांढरा
हे माहीत नव्हतं. मान्य. टोरंट तरी सोपंच आहे.

शिरोळ_२०१९
मी काल तीच कमांड चालवली, `-I` सोडून. क्षणात संपली, आणला एकही बाइट नाही, हॅश अजून चुकीचाच. थापा मारताय का?

उजळाईवाडी_सर्व्हररूम
फाइल wget नं उतरवली होती ना? तो सर्व्हरवरची तारीख फाइलला लावतो. साइज तीच, तारीख तीच, म्हणून आरसिंकला वाटलं फाइल बरोबरच आहे, उघडूनसुद्धा बघितली नाही. `-I` म्हणजे साइज-तारखेवर विसंबू नको, फाइल तपासच; तो त्यासाठीच आहे. `-c` नंसुद्धा होतं, पण पुष्कळ सार्वजनिक सर्व्हर ते नाकारतात, कारण त्यात त्यांना आधी अख्खी फाइल वाचून हॅश काढावा लागतो.

राजारामपुरी_गल्ली
पकडलं! म्हणजे तुमचे ६६ केबी वाचवायला फुकट सर्व्हर चालवणाऱ्यानं साडेचार जीबी डिस्कवरून वाचायचे. मी परत उतरवली तर त्याला नुसती पाठवायची. भार कोण टाकतंय?

उजळाईवाडी_सर्व्हररूम
हा मुद्दा खोटा नाही. `-I` लावलं तरी सर्व्हरला फाइल पूर्ण वाचावी लागते आणि प्रोसेसर खर्च होतो. वाचावी तर अख्खी पाठवतानाही लागतेच, पण इथं पाठवण्याचा भार वाचतो, प्रोसेसरचा वाढतो. झिसिंकनं ते काम उलटं केलंय, खुणा आधीच काढून ठेवलेल्या आणि जुळवणी आपल्या मशीनवर, साध्या http वरून. पण त्यासाठी सर्व्हरवर `.zsync` फाइल ठेवलेली असावी लागते. नसेल तर मी आरसिंक वापरीन आणि वापरताना थोडं वाईटही वाटेल.

शिरोळ_२०१९
`-I` नं आणली. हॅश काढला, चुकला. परत काढला तर तिसराच आला!

उजळाईवाडी_सर्व्हररूम
एकाच फाइलचे दोन वेळा दोन हॅश? मग डाउनलोडला शिव्या देऊ नका. रॅम, डिस्क नाहीतर केबल. आज रात्री मेमटेस्ट लावून झोपा, तोवर काहीही उतरवू नका. बिघडलेल्या रॅमवर आरसिंकनं केलेली दुरुस्तीही बिघडूनच बसते.

शिरोळ_२०१९
रॅम पुराच्या आधीची आहे.

राजारामपुरी_गल्ली
मास्तरीणबाईंचं झालं, मान्य. लॉजचं पान पोटात गेलेली फाइल दर आठवड्याला कुणाकडं येते ते सांगा, मग मीही कमांड पाठ करतो. आणि शिरोळकर, माझ्याकडं जुनी ४ जीबीची डीडीआर३ पडून आहे. चालणार असेल तर स्टँडवर येऊन घेऊन जा. उंदरांनी कुरतडलेली नाही.